आत्तीची सासूबाई कोणी केली?

‘अनुवाद वाचताना तो अनुवाद आहे असं वाटताच कामा नये.’ हे वाक्य मी किती परीक्षणांत वाचलं आणि किती समारंभांत ऐकलं याची मोजदाद नाही. अनुवादकाला द्यायची ती सर्वांत मोठी शाबासकी समजली जाते. मागच्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या एका चर्चेत तेच वाक्य पुन्हा आलं आणि या वेळी त्याच्या पाठीमागे पूर्ण युक्तिवाद उभा होता. बोलणारे गृहस्थ जाणते होते, वाचलेले होते. पुस्तक मराठी वाचकासाठी आहे, तेव्हा त्याला वाचताना कुठे अडखळायला होता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. माणसांची नावं मूळची ठेवायची तर ठेवा, पण खाणंपिणं, नातीगोती, म्हणी, शिव्या, सगळं आपलं करून टाका. देवलांनी ‘झुंजारराव’मध्ये तेच केलं, ज्ञानेश्वरांनी गीतेचं तेच केलं, आणि लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. सभागृहात टाळ्या झाल्या. मला उत्तरासाठी पाच मिनिटं मिळाली आणि ती पुरली नाहीत. माझं पूर्ण उत्तर हे असं आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या एका पुस्तकापासून करते, कारण हा वाद मला पुस्तकी वाटत नाही. काही वर्षांपूर्वी मी काही कन्नड कथांचा मराठी अनुवाद केला. कथा मंड्या-म्हैसूर भागातल्या. त्यांतल्या एका कथेत एका मुलीचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी होतं. कन्नडमध्ये वडिलांच्या बहिणीला ‘अत्ते’ म्हणतात आणि सासूलाही ‘अत्ते’च म्हणतात. आईचा भाऊ ‘माव’ आणि सासराही ‘माव’. आत्या-मामांच्या घरांत सोयरिकी इतक्या होत आल्या की भाषेला दोन वेगळे शब्द करायची गरजच पडली नाही. कथेतली मुलगी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात येते आणि हाक मारते, ‘अत्ते’. चार वर्षांची असल्यापासून ती याच बाईला याच शब्दाने हाक मारत आली आहे. शब्द तोच आहे, पण आज ‘ओ’ देणारा आवाज बदललेला आहे. कथेचा सगळा जीव त्या एका हाकेत आहे.

मी अनुवादात सुरुवातीपासून ‘आत्ती’ लिहिलं. कागल, गडहिंग्लज, हातकणंगले या आमच्या पट्ट्यात सासूला ‘आत्ती’ म्हणणाऱ्या बायका घरोघर आहेत. पुस्तक छापून आलं तेव्हा लग्नाआधीच्या पानांवर ‘आत्या’ झालेलं होतं आणि लग्नानंतरच्या पानांवर ‘सासूबाई’. संपादन करणाऱ्यांनी सांगितलं, ‘मराठी वाचकाला आत्ती कळणार नाही.’ पुढे दोन वाचकांनी मला विचारलं की ती आत्या कथेतून मध्येच कुठे नाहीशी होते. त्यांना त्या दोन वेगळ्या बायका वाटल्या होत्या. मूळ कथेत शब्द टिकतो आणि माणूस बदलतो. छापील मराठीत शब्द बदलला, त्यामुळे माणूस बदलल्याचं कुणाला कळायला जागाच उरली नाही.

यात मला सर्वांत जास्त लागलं ते हे की ज्याला परकं म्हणून काढून टाकलं ते परकं नव्हतंच. सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे. मामाची मुलगी करणं महाराष्ट्रात कित्येक समाजांत चालत आलेलं आहे, आणि दक्षिण महाराष्ट्रात तर मामा-भाचीचं लग्नही काही घरांत नवलाचं नाही. म्हणजे कन्नड ‘अत्ते’ला जुळणारा शब्द मराठीच्या घरातच होता, कोल्हापूरच्या माजघरात. ज्या ‘मराठी वाचका’साठी तो बदलला तो वाचक कोण? निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. राज्याची हद्द ओलांडली म्हणून आमच्याकडे नाती बदलत नाहीत. ‘स्थानिक वाचकासाठी सोपं करा’ असं म्हणताना डोळ्यांसमोर एकच शहर आणि त्या शहरातलंही एक विशिष्ट घर असतं, आणि त्या घराला जे ठाऊक नाही ते सगळ्या मराठीला ठाऊक नाही असं गृहीत धरलं जातं. आपलंसं करण्याच्या नावाखाली पहिला घाव बसतो तो आपल्याच भाषेच्या अर्ध्या अंगावर.

त्याच पुस्तकातला दुसरा बदल याहून साधा आणि याहून घातक. एका कथेत शहरातून आलेला नातू पहिल्यांदा रागीमुद्दे खायला बसतो. नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात शिजवून, दांडक्याने घोटून त्याचा मुठीएवढा किंवा त्याहून मोठा गरम गोळा करतात, तो मुद्दे. त्याचा तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. चावला तर तो दातांना चिकटतो आणि सगळी गंमत जाते. कथेतला नातू चावायला लागतो, पंगत हसते आणि आजी त्याला गिळायला शिकवते. छापील पुस्तकात मुद्दे नव्हता. तिथे ‘नाचणीची भाकरी’ होती. आजी नातवाला सांगत होती, भाकरी चावू नकोस, गिळ. जी आजी मूळ कथेत पोराला आपल्या मातीत ओढून घेते, ती मराठीत पोराच्या घशात कोरडी भाकरी कोंबणारी बाई झाली.

इथे माझी बाजू आंधळी नाही हेही सांगते. उत्तर कर्नाटकातल्या एका कथेत ‘जोळद रोट्टी’ आली होती, तिथे मी स्वतःच ‘भाकरी’ लिहिलं. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी. तोच तवा, तेच थापणं, वरून पाणी फिरवणं तेच. विजापूर आणि सोलापूर यांच्यामध्ये वस्तू बदलत नाही, फक्त नाव बदलतं. तिथे ‘रोट्टी’ ठेवून उगाच परकेपणाचा देखावा करण्यात काय अर्थ? मुद्द्याचं तसं नाही. त्याला आपल्याकडे जोड नाही आणि कथेतली माणसं त्याच्याशी काहीतरी करतात, त्यावर हसतात, त्यातून शिकतात. मी दर वेळी दोनच गोष्टी तपासते. ही वस्तू आपल्याकडे खरोखर आहे का, आणि कथेतलं कुणी तिच्याशी असं काही करतं का जे आपल्या वस्तूशी करता येणार नाही? कथेतला माणूस एखाद्या गावाहून दहा मैल चालत आला आणि त्या दहाचं पुढे काही होत नसेल, तर सोळा किलोमीटर लिहिल्याने कुणाचं काही जात नाही. मुद्द्याची भाकरी केली की प्रसंगच जातो.

मुद्दे ठेवताना मला एक खरी अडचण आली होती, ती लपवत नाही. मराठीत ‘मुद्दे’ म्हणजे चर्चेतले मुद्दे. ‘त्याने मुद्दे गिळले’ असं वाक्य आलं तर वाचक भलतीकडे जाईल. म्हणून मी पहिल्यांदा ‘रागीमुद्दे’ असं जोडून लिहिलं, आजीला तो घोटताना दाखवणारं मूळचं वाक्य जपलं आणि पुढे सगळीकडे ‘गोळा’ म्हटलं. तळटीप द्यावी लागली नाही. तसंच छापलं असतं तर वाचक दोन ओळी थांबला असता. पण कथेतला नातूही त्या मुद्द्यापाशी थांबलाच होता.

आता देवलांकडे येते, कारण त्यांचं नाव घेतलं की वाद मिटला असं समजलं जातं. गोविंद बल्लाळ देवल आमच्या शेजारचे, सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांचं ‘झुंजारराव’ १८९० चं. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा झुंजारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा, इयागोचा जाधवराव. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. त्याच्या बऱ्याच आधी, १८६७ मध्ये, महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’चं मूळ नावांसकट मराठी भाषांतर केलं होतं. ते शेक्सपिअरचं पहिलं मराठी भाषांतर मानलं जातं. माझ्या प्रतिपक्षाचा सवाल असा, की कोल्हटकर आज कोणाला आठवतात? लोकांनी झुंजाररावाला कौल दिला, विषय संपला.

विषय इथे सुरू होतो. देवलांनी ‘झुंजारराव’ला ऑथेल्लो म्हटलेलं नाही. त्यांनी नाटकाचं नाव बदललं, पात्रांची नावं बदलली, मुलूख बदलला. कमळजा देवलांच्या जगात जन्मली आणि तिथेच मेली. त्या जगात व्हेनिस नाही, त्यामुळे व्हेनिसचा खोटा रंगही कुठे नाही. हे रूपांतर आहे आणि रूपांतर म्हणून ते पूर्ण आहे. देवलांना साक्षीला बोलावणारे मात्र अनुवादाबद्दल बोलत असतात, आणि तेही अर्धवट आपलंसं करण्याबद्दल: नावं तिकडची आणि नाती इकडची, गाव लंडन आणि म्हण सोनूबाईची. हे देवलांनी कधी केलं नाही. ‘संशयकल्लोळ’चं मूळ मोलिएरपर्यंत जातं, पण फाल्गुनराव आणि अश्विनशेठ पाहताना प्रेक्षकाला फ्रान्सचा वासही येत नाही, कारण देवलांनी घर पायापासून नवं बांधलं. अर्ध्या भिंती जुन्या ठेवून वर आपलं छप्पर टाकणाऱ्यांना देवलांचं नाव घ्यायचा हक्क नाही.

आणि झुंजाररावाचं यश कबूल करूनही विचारलं पाहिजे की या मार्गाने काय गेलं. मूळ नाटकात ऑथेल्लो हा मूर आहे, काळा, परका. तुर्कांशी लढायला व्हेनिसला तो हवा असतो. त्याच माणसाशी सरदाराची मुलगी लग्न करते तेव्हा तिचा बाप सभेत उभा राहून म्हणतो की याने जादूटोणा केल्याशिवाय हे घडणं शक्य नाही. लढाईसाठी तो चालतो, जावई म्हणून चालत नाही. इयागोचं विष कानात शिरतं ते या भेगेतून. ऑथेल्लोच्या मनातही कुठेतरी हेच बसलेलं असतं की मी यांच्यातला नव्हे, माझ्यावर हिचं मन कसं टिकेल? आता ‘झुंजारराव’ हे नाव उच्चारा. मराठी प्रेक्षकाला दिसतो तो आपल्यातला एक सरदार. त्याच्या रंगाबद्दल हवी तितकी वाक्यं ठेवली तरी नावाने आधीच त्याला आपल्या पंक्तीत बसवलेलं असतं. मग उरते ती संशयी नवऱ्याची शोकांतिका. तीही मोठीच आहे. पण परक्या माणसाला वापरून घेणाऱ्या आणि जवळ न करणाऱ्या नगराची जी गोष्ट शेक्सपिअरने सांगितली ती या वाटेने येत नाही. ती आणायची तर ऑथेल्लोला ऑथेल्लो आणि व्हेनिसला व्हेनिस राहू द्यावं लागतं. कोल्हटकरांची मराठी रंगभूमीला पेलली नसेल. त्यांचा निर्णय त्यामुळे चुकीचा ठरत नाही.

मराठीने पुढे काय केलं तेही पाहा. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिलं, १९७० साली ते रंगभूमीवर आलं. त्यात लिअर आहे, पण तो अप्पासाहेब बेलवलकर होऊन आलेला आहे, मराठी नाटकवाल्याचं सगळं आयुष्य अंगावर घेऊन. चारच वर्षांनी, १९७४ मध्ये, विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आला. त्यात लिअर लिअरच आहे, कॉर्डेलिया कॉर्डेलियाच. दोन्ही मराठी वाचकांनी मनापासून स्वीकारली. विंदांनी लिअरला मराठी नाव द्यायला हवं होतं असं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही, आणि शिरवाडकरांनी ब्रिटनचा राजा तसाच ठेवायला हवा होता असंही नाही. एकाने नवं नाटक लिहिलं, दुसऱ्याने अनुवाद केला. वाचकाला यातला फरक कळतो. तो कळत नाही असं वाचकाच्या वतीने बोलणारेच समजतात.

फ्रीड्रिख श्लायरमाखर या जर्मन पंडिताने १८१३ साली बर्लिनमध्ये यावर व्याख्यान दिलं होतं. लेखकाला जागेवर ठेवून वाचकाला त्याच्याकडे न्यायचं, किंवा वाचकाला जागेवर ठेवून लेखकाला त्याच्याकडे आणायचं, अशा दोनच वाटा त्याने सांगितल्या. त्या मिसळल्या तर दोघांची चुकामूक होईल, हा इशारा त्याने दिला होता. आत्या नाहीशी झाली म्हणून विचारणारे माझे दोन वाचक हे त्या चुकामुकीचंच उदाहरण. एका बाबतीत मात्र माझं त्याच्याशी पटत नाही आणि तिथे माझ्या प्रतिपक्षाला मी अर्धा रस्ता देते. श्लायरमाखरला वाटे की परकेपणा भाषेच्या वळणातही जाणवावा, वाक्यानेच मूळ भाषेकडे थोडं झुकावं. मराठीत हे करायला गेलं की काय होतं ते आपण रोज वाचतो. ‘त्याने त्याचे डोके त्याच्या हातात घेतले.’ ‘मी तुझ्याशी सहमत होण्यास असमर्थ आहे.’ कोणाचं डोकं, कोणाचे हात? मराठी माणूस डोकं हातात धरतो, ते कोणाचं हे सांगावं लागत नाही. असल्या वाक्यांना परदेशी चव म्हणून कोणी वाढत असेल तर तो स्वयंपाक कच्चा आहे. वाचकाला या वाक्यांतून इंग्रजीची सवय दिसते, पण इंग्लंड दिसत नाही. अशा अनुवादांना कंटाळूनच ‘अनुवाद वाटता कामा नये’ हे वाक्य जन्माला आलं असावं. त्या कंटाळ्याशी मी सहमत आहे. उपाय मात्र चुकीच्या जागी लावला गेला. दुखणं वाक्यात होतं आणि कापलं गेलं ते जग.

माझं म्हणणं एवढंच आहे: वाक्य पूर्ण मराठी असावं आणि त्या वाक्यातून दिसणारं जग पूर्ण त्यांचं असावं. ज्ञानेश्वरांचा दाखला मला याच कारणासाठी आवडतो, आणि तो माझ्या बाजूचा आहे. १२९० मध्ये त्यांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. भाषा अशी की तेव्हाच्या शेतकऱ्याला, बाईमाणसाला कळावी. दाखले घरातले, शेतातले, पाण्या-पाखरांचे. पण अर्जुनाला त्यांनी यादवांचा सरदार केला नाही. कुरुक्षेत्र गोदाकाठी आणलं नाही. ग्रंथाच्या शेवटी गोदावरी येते ती आपण हे कुठे बसून सांगितलं याची नोंद म्हणून, आणि ती नोंद रणांगणापासून वेगळी ठेवलेली आहे. शिवाय ज्ञानेश्वर टीका सांगत होते, मूळ श्लोक शेजारी उभा होता. ऐकणाऱ्याला दोन्हींतलं अंतर सतत दिसत होतं. आजचा अनुवादक मूळ दाखवत नाही. म्हणून त्याची जबाबदारी ज्ञानेश्वरांपेक्षा कमी नाही, जास्त आहे.

काही ठिकाणी मराठी आपल्याला निवडच देत नाही, हे मान्य. समोरच्याला उद्देशून इंग्रजीत एकच सर्वनाम आहे, आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. अनुवादकाला दर वाक्याला ठरवावंच लागतं. पण तिथेही सवयीने ठरवणं आणि विचाराने ठरवणं यांत फरक आहे. अमेरिकेतल्या नवरा-बायकोचा संवाद मराठीत येतो तेव्हा बायको ‘अहो’ म्हणते आणि नवरा ‘अगं’, असं मी कित्येक पुस्तकांत वाचलं आहे. मुळात दोघं एकमेकांना नावाने, एका पायरीवरून बोलत होती. अनुवादकाने एका अक्षरात त्या घरात आपली उतरंड नेऊन ठेवली, आणि वाचकाला ती दिसलीही नाही, कारण ती आपल्या ओळखीची आहे. दोघांनाही ‘तू’ म्हणू द्यावं, एवढं पुरे आहे. क्रियापदाच्या लिंगाचंही असंच. इंग्रजी गोष्टीत निवेदक पुरुष आहे की बाई हे शेवटपर्यंत झाकलेलं असलं तर मराठीत पहिल्याच ‘गेलो’ किंवा ‘गेले’ने ते फुटतं. माझी आजी मात्र आयुष्यभर ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच म्हणायची, आमच्याकडच्या कितीतरी बायका आजही म्हणतात. हे सुचलं त्या दिवशी मला वाटलं, प्रमाण मराठीला जे दार नाही ते कोल्हापुरी मराठीत उघडं आहे.

या कोल्हापुरी मराठीचं अनुवादांत जे केलं जातं त्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. मूळ इंग्रजी पुस्तकात गुलाम, मजूर, पहारेकरी, अडाणी म्हातारी अशी माणसं बोलीत बोलतात. मराठीत आणताना त्यांच्या तोंडी सरळ आमची भाषा घातली जाते. ‘काय रं, कुटं गेल्तास?’ मिसिसिपीच्या काठचा काळा गुलाम पंचगंगेच्या काठचं बोलू लागतो. अनुवादकाला वाटतं, आपण किती जिवंत केलं. मला दिसतं ते वेगळं. त्या गुलामाची बोली त्याच्यावर लादलेल्या इतिहासातून आली आहे. माझ्या आजीची बोली शेतातून, जत्रेतून, तिच्या मानाच्या जगण्यातून आली आहे. दोन्हींना एका मापात बसवलं की त्याचा इतिहास पुसला जातो आणि माझ्या आजीच्या तोंडावर गुलामीचा शिक्का बसतो. त्याच पुस्तकातले डॉक्टर, वकील, मालक छापील मराठीत बोलतात. कुठली मराठी वर आणि कुठली खाली, हा आपला निवाडा अनुवादक अमेरिकेच्या नावावर खपवतो. पुलंची ‘ती फुलराणी’ इथे पुढे केली जाईल. शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा विषयच मुळी कोण कसं बोलतं आणि त्यावरून समाज त्याला कुठे उभं करतो हा आहे. म्हणून पुलंनी सगळं नाटकच इकडे आणलं, फुलवाली इथली, प्राध्यापक इथला, नाटकाचं नाव नवं. उतरंड इथलीच होती आणि नाटक तिच्यावरच बोट ठेवत होतं. एकट्या फुलवालीला इथली बोली देऊन बाकी सगळ्यांना लंडनमध्ये ठेवलं असतं तर ते नाटक उभं राहिलं नसतं. बोली वेगळी आहे हे दाखवायला जिल्हा लागत नाही. तुटक वाक्यं, छापील शब्द टाळणं, एखाद्या शब्दाची पुनरुक्ती, बोलण्याची चाल, यांतून माणूस शाळेत गेलेला नाही हे कळतं. त्याला कष्ट जास्त पडतात, एवढंच.

शेवटी हेच तागडं उलटं धरून पाहा. कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’ १९७१ ची. शेतावर राबणारा गडी, त्याची जनावरं, आणि मालकाने आणलेला ट्रॅक्टर. जनावरं एकेक करून जातात तेव्हा त्या गड्याचं गोतच जातं, म्हणून ते नाव. उद्या ही कादंबरी कुणी दूरच्या भाषेत नेली आणि तिथल्या वाचकाला अडू नये म्हणून बैलाच्या जागी घोडे घातले, मोटेच्या जागी पंप बसवला, धाव आणि थारोळं गाळून नुसती विहीर ठेवली, तर आपण काय म्हणू? बैल मागे मागे सरत येतात आणि मग धावेवरून उतरतात, कातड्याची मोट भरून वर येते, थारोळ्यात पाणी फुटतं. हे माहीत नसलेल्या वाचकाला ते माहीत करून देणं हेच त्या अनुवादाचं काम आहे, असं आपण ठणकावून सांगू. आमची मोट मोटच राहिली पाहिजे, पण त्यांच्या मुद्द्याची आम्ही भाकरी करणार, हा न्याय मला मान्य नाही.

त्या चर्चेत टाळ्या वाजवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पुस्तकावर ‘अनुवाद’ छापायचं की ‘रूपांतर’, हे आधी ठरवा आणि छापलेल्या शब्दाला जागा. रूपांतर असेल तर देवलांसारखं सगळं बदला, मी पहिल्या रांगेत बसून पाहीन. अनुवाद असेल तर वाचकाला दोन ओळी थांबू द्या. माझ्या कन्नड कथांची दुसरी आवृत्ती आता निघते आहे. तिची मुद्रितं मी स्वतः तपासली आहेत. तिच्यात मुलगी लग्नाआधी आणि लग्नानंतरही ‘आत्ती’ अशीच हाक मारते, आणि नातू रागीमुद्दे न चावता गिळतो.